लोकलच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप तुमचं लोकेशन कुणाला देतं? प्रायव्हसी पॉलिसी आणि परवानग्या वाचायची रीत

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून परळला उतरणारा माणूस फोनवर वेळापत्रकाचं एखादं फुकट अ‍ॅप टाकतो. पहिल्यांदा उघडल्याबरोबर ते लोकेशन मागतं. कारणही पटण्यासारखं असतं: जवळचं स्टेशन आपोआप निवडलं जातं, आणि गाडी नेमकी कुठे पोहोचली हे त्याच गाडीत बसलेल्या प्रवाशांच्या फोनवरूनच कळतं. म्हणून परवानगी दिली जाते. पण अ‍ॅपला लोकेशन का हवं, एवढं समजून काम भागत नाही. अ‍ॅपकडे गेल्यावर ते आणखी कुणाकडे पोहोचतं, हे त्या परवानगीच्या चौकटीत कुठेच लिहिलेलं नसतं.

ते शोधायला तीन जागा आहेत. परवानग्यांची यादी सांगते, अ‍ॅप काय घेऊ शकतं. प्ले स्टोअरवरचा `Data safety` हा भाग सांगतो, अ‍ॅप बनवणारा काय घेतो असं तो स्वतः म्हणतो. आणि प्रायव्हसी पॉलिसी सांगते, त्याने स्वतःला काय काय करायची मुभा ठेवली आहे. यातलं एकच वाचलं तर फसगत होते. तिन्ही शेजारी ठेवून एकाच गोष्टीचा माग काढायचा. इथे आपण फक्त लोकेशनचा माग काढू. संपूर्ण पॉलिसी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला बसलात तर पाचव्या मिनिटाला कंटाळून सोडून द्याल. एक धागा धरून वाचलंत तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

खाली उदाहरणाला घेतलेलं अ‍ॅप खरं नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या अशा अ‍ॅपमध्ये ज्या परवानग्या आणि जी वाक्यं वारंवार भेटतात, ती एकत्र करून केलेला तो नमुना आहे. फोन अँड्रॉइडचा धरला आहे.

परवानग्यांची यादी: न विचारता मिळणाऱ्या परवानग्याही पाहा

अ‍ॅप टाकायच्या आधीच यादी पाहता येते. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर `About this app` उघडा, अगदी तळाशी जा, तिथे `App permissions` दिसेल. अ‍ॅप आधीच फोनवर असेल तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या `Permissions` मध्ये जाऊन वरच्या तीन ठिपक्यांतून `All permissions` निवडा. मेनूची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडीफार बदलतात.

या यादीत दोन प्रकारच्या परवानग्या असतात, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. लोकेशन, कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट्स यांसारख्या परवानग्या २०१५च्या अँड्रॉइड ६पासून अ‍ॅपला वापरतेवेळी मागाव्या लागतात आणि तुम्ही त्या नाकारू शकता. पण इंटरनेट वापरणं, फोन सुरू होताच आपोआप जागं होणं, जाहिरातीचा ओळखक्रमांक वाचणं, या परवानग्या अ‍ॅप टाकल्याबरोबर मिळून जातात. त्यांच्यासाठी कधीच चौकट येत नाही. म्हणून ‘मला विचारलंच नाही’ याचा अर्थ ‘घेतलं नाही’ असा होत नाही.

आपल्या नमुना अ‍ॅपच्या यादीत या ओळी आहेत, असं धरू: `precise location`, `approximate location`, `read your contacts`, `full network access`, `run at startup`, `prevent device from sleeping` आणि `Advertising ID Permission`.

यातल्या काही ओळी निरुपद्रवी आहेत. फोनला झोपू न देणं किंवा फोन सुरू होताच जागं होणं, हे सूचना आणि अलार्मसाठी लागतं. त्यात वेळ घालवू नका.

लोकेशनच्या दोन ओळींतला फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. अँड्रॉइड १२पासून चौकटीत दोन पर्याय येतात: अचूक आणि ढोबळ. ढोबळ लोकेशन म्हणजे तुम्ही साधारण ३ चौरस किलोमीटरच्या टापूत कुठेतरी आहात, इतकंच अ‍ॅपला कळतं. टापू गोल धरला तर त्याची त्रिज्या १ किलोमीटरच्या जवळपास येते. अचूक लोकेशन सहसा ५० मीटरच्या आत असतं, आणि मोकळ्या आकाशाखाली तर काही मीटरपर्यंत येतं. वेळापत्रकाच्या अ‍ॅपला ढोबळ पुरतं का? डोंबिवलीत पुरतं. परळला नाही, कारण मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी ही स्टेशनं एका पादचारी पुलाने जोडलेली आहेत आणि ढोबळ लोकेशनला त्यांच्यातला फरक कळत नाही. अ‍ॅप चुकीची लाइन दाखवू शकतं. पण त्यावर उपाय साधा आहे: स्टेशनचं नाव टाइप करायचं. त्यासाठी लोकेशनच लागत नाही. गाडी कुठे आहे हे प्रवाशांच्या फोनवरून दाखवायचं असेल तर मात्र अचूक लोकेशन खरंच हवं, आणि तेही प्रवासादरम्यान. हे कारण खरं आहे. म्हणूनच ते पुढे कुणाला दिलं जातं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक ओळ शोधा: `access location in the background`. ती असेल तर अ‍ॅप बंद असतानाही लोकेशन घेण्याची तयारी त्यात केलेली आहे. अँड्रॉइड ११पासून ‘कायम परवानगी’ हा पर्याय साध्या चौकटीत येत नाही, त्यासाठी अ‍ॅप तुम्हाला सेटिंग्जच्या पानावर पाठवतं. असं पाठवलं गेलात की तिथेच थांबा आणि ते कशासाठी हवं आहे हे आधी तपासा.

कॉन्टॅक्ट्सची ओळ का आहे? बहुधा ‘घरच्यांना माझं लोकेशन पाठवा’ अशा सोयीसाठी. त्या सोयीला संपूर्ण वही लागत नाही. अँड्रॉइडची स्वतःची कॉन्टॅक्ट निवडण्याची खिडकी आहे. तिच्यातून तुम्ही निवडलेला एकच नंबर अ‍ॅपकडे जातो आणि त्याला कॉन्टॅक्ट्सची परवानगी घ्यावी लागत नाही. तरीही अ‍ॅप संपूर्ण वही मागत असेल तर ती देऊ नका, कारण त्या वहीत इतरांचे नंबर आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

परवानगी एकाला, वापर अनेकांचा

आता या सगळ्यातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. अ‍ॅप एकाच कंपनीने लिहिलेलं दिसतं, पण त्याच्या पोटात इतर कंपन्यांचे तयार सुटे भाग बसवलेले असतात. त्यांना एसडीके म्हणतात. जाहिराती दाखवणारा एक, अ‍ॅप कसं वापरलं जातं ते मोजणारा एक, अ‍ॅप कोसळलं की अहवाल पाठवणारा एक. अँड्रॉइडच्या रचनेत हे भाग अ‍ॅपच्याच नावाने चालतात, म्हणून अ‍ॅपला मिळालेली परवानगी त्यांनाही वापरता येते. जवळचं स्टेशन दाखवायला दिलेलं लोकेशन त्याच अ‍ॅपमधला जाहिरातीचा भागही वाचू शकतो. त्याच्यासाठी वेगळी चौकट येत नाही.

म्हणून `Advertising ID Permission` ही ओळ लोकेशनच्या ओळीबरोबरच वाचायची. जाहिरातीचा ओळखक्रमांक तुमच्या फोनवरच्या सगळ्या अ‍ॅपना एकच दिसतो. वेळापत्रकाच्या अ‍ॅपने ‘हा क्रमांक सकाळी डोंबिवलीत, दुपारी परळला’ असं कळवलं आणि खरेदीच्या अ‍ॅपने ‘याच क्रमांकाने लहान मुलांचे बूट पाहिले’ असं कळवलं, तर दोन्ही नोंदी जुळवायला नावाची गरज उरत नाही.

कोणते सुटे भाग बसवले आहेत हे प्ले स्टोअर सांगत नाही. फ्रान्समधली ‘एक्सोडस प्रायव्हसी’ ही संस्था अँड्रॉइड अ‍ॅप उघडून आतले ट्रॅकर ओळखते आणि अहवाल मोफत वाचायला ठेवते. पत्ता असा आहे:

```
reports.exodus-privacy.eu.org
```

तिथे अ‍ॅपचं नाव टाकलं की ट्रॅकर आणि परवानग्यांची यादी मिळते. फक्त एक मर्यादा ध्यानात ठेवा: भाग आत सापडला म्हणजे तो चालू आहेच असं नाही. आणि अहवाल जुन्या आवृत्तीचा असू शकतो, म्हणून आवृत्तीचा क्रमांक जुळवून पाहा.

`Data safety`: बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं

प्ले स्टोअरवरचा हा भाग २०२२ पासून दिसू लागला. यातली माहिती अ‍ॅप बनवणारा स्वतः भरतो. दुकानदाराने स्वतःच्या हाताने पाटी लिहावी, तसं हे आहे. मोझिला फाउंडेशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० लोकप्रिय अ‍ॅपची ही पाटी त्यांच्याच प्रायव्हसी पॉलिसीशी ताडून पाहिली, तेव्हा जवळपास ८० टक्के अ‍ॅपमध्ये काही ना काही तफावत निघाली. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. कित्येकदा बनवणाऱ्यालाच आतला एसडीके काय पाठवतो हे नीट माहीत नसतं, तरी जबाबदारी त्याचीच असते.

पाटी खरी असली तरी तिच्यातल्या शब्दांना गूगलने ठरवून दिलेले अर्थ आहेत आणि ते रोजच्या बोलण्यातल्यापेक्षा अरुंद आहेत. ‘गोळा केला’ म्हणजे फोनबाहेर पाठवला. फोनच्या आतच वापरून सोडून दिलेली माहिती यात धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ‘शेअर केला’ या शब्दाकडे नीट बघा. कंपनीने आपल्या वतीने काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे माहिती दिली, तर ते शेअर करणं धरत नाहीत. तुम्हाला ठळकपणे सांगून तुमची संमती घेतली असेल तरीही नाही, आणि पूर्णपणे निनावी केलेली माहिती दिली तरीही नाही. त्यामुळे `No data shared with third parties` या ओळीचा अर्थ ‘माहिती कुणाकडेच जात नाही’ असा घेऊ नये. ‘या सवलती वगळून जात नाही’ इतकाच तो आहे.

नमुना अ‍ॅपच्या पाटीवर लिहिलं आहे: ढोबळ लोकेशन गोळा केलं जातं, कारण अ‍ॅपची कामगिरी, कुणाशीही शेअर नाही. परवानग्यांत मात्र अचूक लोकेशन आहे आणि जाहिरातीचा क्रमांकही. पहिली विसंगती इथे सापडली. अचूक लोकेशन फोनच्या आतच वापरलं जात असेल तर पाटी खरीही असू शकते. निकाल पॉलिसीतून लावायचा.

पॉलिसी: शब्द शोधून वाचा

पॉलिसीचा दुवा `Data safety` मध्येच असतो. ती ब्राउझरमध्ये उघडा, तीन ठिपक्यांतून `Find in page` निवडा आणि एकेक शब्द शोधा. क्रम असा ठेवा:

```
location
share
third part
partner
affiliate
advertis
retain
```

शेवटची अक्षरं मुद्दाम गाळली आहेत. `third part` लिहिलं की एकवचन आणि अनेकवचन दोन्ही सापडतात. `advertis` लिहिलं की जाहिरात, जाहिरातदार आणि जाहिरात करणं हे तिन्ही शब्द येतात. एकही शब्द सापडला नाही तर पॉलिसी बहुधा कुठून तरी उचललेल्या साच्याची आहे, किंवा चित्र म्हणून चढवलेली आहे.

`location` शोधल्यावर नमुना पॉलिसीत तीन जागा सापडतात. पहिल्या ठिकाणी मजकूर असा: तुमच्या उपकरणाकडून आम्ही माहिती घेऊ शकतो, जसं की लोकेशन. इथले ‘शकतो’ आणि ‘जसं की’ हे दोन शब्द पकडा. इंग्रजीत ते `may` आणि `such as` असतात. ‘शकतो’ म्हणजे आज घेत नसलो तरी उद्या घ्यायची सोय करून ठेवली आहे. वाचताना ‘घेतो’ असंच धरा. ‘जसं की’ म्हणजे यादी अपुरी आहे.

दुसऱ्या ठिकाणी: निनावी आणि एकत्रित केलेली लोकेशनची माहिती आम्ही भागीदारांना देतो. हे दोन शब्द जोडीने येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. ‘एकत्रित’ म्हणजे ‘सकाळी ९ वाजता दादरला इतके हजार जण’ असा आकडा. त्यातून एका माणसापर्यंत पोहोचणं अवघड असतं. ‘निनावी’ म्हणजे बहुतेक वेळा नुसतं नाव काढून टाकलेली एकाच फोनची संपूर्ण नोंद. लोकेशनच्या बाबतीत हे फार कमकुवत संरक्षण आहे. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. जागा मोबाइलच्या टॉवरइतकी ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ असूनही, फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के लोक बाकीच्यांपासून वेगळे ओळखता आले. याचं कारण मुंबईकराला सांगावं लागत नाही: रात्री जिथे फोन असतो ते घर आणि दिवसा जिथे असतो ती नोकरी, ही जोडी तुमच्यासारखी असणारे लोक फार थोडे.

तिसऱ्या ठिकाणी: जाहिरातींचे भागीदार त्यांच्या स्वतःच्या धोरणांनुसार माहिती थेट गोळा करतात. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. मघाशी पाहिलेल्या एसडीकेची ही लेखी कबुली आहे. ‘त्यांच्या स्वतःच्या धोरणांनुसार’ असं म्हटलं की पुढच्या वापराशी या पॉलिसीचा संबंध संपला. त्या भागीदारांची नावं आणि दुवे दिले असतील तर ती चांगली खूण आहे. नुसतंच ‘विश्वासू भागीदार’ असेल तर ती वाईट खूण.

‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ हे वाक्यही बहुतेक ठिकाणी भेटेल. ते खरं असू शकतं. पैसे घेऊन यादी न विकताही जाहिरातीच्या बदल्यात माहिती देता येते, म्हणून या वाक्यावरून काहीच ठरवू नका. `share` च्या जागा वाचा.

`retain` शोधल्यावर मुदत दिसायला हवी. ‘लोकेशन ३० दिवसांनी पुसतो’ हे उत्तर झालं. ‘आवश्यक असेल तोवर ठेवतो’ हे उत्तर नाही.

आता हिशेब जुळवू. पाटी म्हणते, ढोबळ लोकेशन, शेअर नाही. परवानगी म्हणते, अचूक. पॉलिसी म्हणते, भागीदार थेट गोळा करतात. ही तिन्ही विधानं एकत्र खरी असणं कठीण आहे. संशयाचा फायदा पाटीला द्यायचा नाही. सर्वांत सैल विधान खरं धरून पुढचं ठरवायचं.

मग अ‍ॅप काढून टाकायचं का?

दरवेळी तशी गरज नसते. आपल्या नमुना अ‍ॅपसाठी पुरेसं होईल ते असं: लोकेशन ‘अ‍ॅप वापरताना’ एवढ्यावर ठेवा आणि अचूक लोकेशनचं बटण बंद करा. स्टेशन हाताने निवडा. कॉन्टॅक्ट्स नाकारा. सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या पानावर `Delete advertising ID` आहे, ते वापरा. त्यानंतर अ‍ॅपना त्या क्रमांकाऐवजी नुसती शून्यं मिळतात. याने सगळा माग पुसला जात नाही. इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतोच, आणि तो परवानगी न देताही मिळतो.

परवानगी काढून घेतली तरी आधी गेलेली माहिती पलीकडे तशीच राहते. ती पुसायला कंपनीला लिहावं लागतं. पॉलिसीच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल शोधा. संवेदनशील वैयक्तिक माहितीबाबतच्या २०११च्या नियमांत अशा अधिकाऱ्याने महिनाभरात निवारण करावं असं म्हटलं आहे. पत्रात तीनच गोष्टी विचारा: माझ्या खात्यावर लोकेशनच्या कोणत्या नोंदी आहेत, त्या कोणत्या कंपन्यांना दिल्या, आणि त्या कधी पुसणार.

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि नोटीस व संमतीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात १८ महिन्यांचा अवधी ठेवला आहे. त्या लागू झाल्या की संमतीची नोटीस मराठीतही मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेचा पर्याय द्यावा लागणार आहे. कायद्यात दिलेलं एक उदाहरण आपल्या कॉन्टॅक्ट्सच्या ओळीला तंतोतंत लागू पडतं. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्सचीही परवानगी मागतं आणि माणूस दोन्हींना हो म्हणतो. कायदा सांगतो की सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत, म्हणून संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरली जाईल.

आयफोनवर पाटीचं नाव `App Privacy` आहे आणि तीही बनवणाराच भरतो. तिथे `Data Used to Track You` या रकान्यात लोकेशन आहे का, एवढं आधी पाहा. सेटिंग्जमधला `App Privacy Report` चालू केला की अ‍ॅप गेल्या ७ दिवसांत कोणत्या पत्त्यांशी बोललं ते दिसतं. अँड्रॉइडमध्ये इतकं उघड कुठेच दिसत नाही.

अँड्रॉइडवर शेवटची तपासणी आठवडाभराने करा. सेटिंग्जमधल्या `Privacy dashboard` मध्ये लोकेशन उघडा. अँड्रॉइड १२मध्ये मागचे २४ तास दिसतात, त्यापुढच्या बऱ्याच फोनवर ७ दिवस. वेळापत्रकाच्या अ‍ॅपची नोंद सकाळी आणि संध्याकाळी तुम्ही ते उघडलंत तेव्हाचीच असेल तर सेटिंग बरोबर बसलं आहे. शेवटची कर्जत लोकल निघून गेल्यानंतर, रात्री अडीचलाही नोंद दिसली, तर कुठेतरी ‘कायम परवानगी’ अजून चालू आहे; ती त्याच पानावरून बंद करता येते.